रिकव्हरीचा नंबर सुटलेला, बॅकअप मेल बंद पडलेला : जीमेल खातं परत कसं मिळवू?

रानवारा | रविवार, रात्री ९:५२

मंडळी, मदत हवी आहे. चूक सर्वस्वी माझीच आहे हे आधीच कबूल करतो, म्हणजे त्यावर कोणाचे प्रतिसाद खर्च व्हायला नकोत.

२०११ पासूनचं जीमेल खातं आहे. चार महिन्यांपूर्वी पासवर्ड बदलला. नवा मोठ्या हुशारीने रचला आणि फोनमध्ये खातं चालूच आहे म्हणून कुठे लिहून ठेवला नाही. गेल्या आठवड्यात फोन पाण्यात पडला तो कायमचा. नव्या फोनवर खातं घालायला गेलो तर पासवर्डातलं पहिलं अक्षरसुद्धा आठवेना. रिकव्हरीसाठी दिलेला नंबर मी तीन वर्षांपूर्वी सोडलाय. बॅकअप पत्ता कॉलेजचा होता, तिथून बाहेर पडूनही जमाना झाला.

गेल्या सहा दिवसांत वीसेक वेळा प्रयत्न केला. कधी घरून, कधी ऑफिसातून, दोनदा मित्राच्या फोनवरून. दर वेळी शेवटी हेच येतं:

```
Google couldn't verify this account belongs to you.
```

आणि आता कालपासून `Too many failed attempts` असंही यायला लागलंय. चौदा वर्षांचे फोटो, कागदपत्रं, सगळं त्यात आहे. कोणाला यातून वाट सापडली आहे का?

---

बोका_मांजरे | रविवार, रात्री १०:०८

सोपं आहे. मोबाइल कंपनीकडे जा, जुना नंबर परत मागा, नवीन सिम घ्या, कोड येईल, काम फत्ते. माझ्या भावाने असंच केलं होतं.

---

रानवारा | रविवार, रात्री १०:१५

बोका, तो नंबर लावून पाहिला. कोणी भलतीच बाई बोलल्या. म्हणजे दुसऱ्याला गेलाय.

---

बोका_मांजरे | रविवार, रात्री १०:१७

मग त्या बाईंनाच विनंती करा की, कोड सांगा म्हणून. माणुसकी आहे अजून जगात.

---

पमा | रविवार, रात्री १०:३०

माझेही मागच्या वर्षी बरेच मेल असेच उडाले होते. ट्रॅशमध्ये जाऊन बघा, ३० दिवस तिथे राहतात. तिथून परत इनबॉक्समध्ये आणता येतात.

---

टवाळ_पोर | रविवार, रात्री १०:३३

पमाताई, त्यांचे मेल नाही उडाले, ते स्वतःच बाहेर उडालेत. ट्रॅश घराच्या आत आहे आणि किल्ली हरवलीये.

---

कळसूत्री | रविवार, रात्री ११:२०

रानवारा, सगळ्यात आधी थांबा. आज आणि पुढचे काही दिवस एकही प्रयत्न करू नका. कारण सांगतो.

मी हेल्पडेस्कवर काम करतो आणि असा माणूस आठवड्याला एक तरी येतो. जवळपास प्रत्येक जण तुम्ही केलं तेच करून आलेला असतो: नवा फोन, तीन-चार वेगवेगळी ठिकाणं, वीस प्रयत्न. आपल्याला वाटतं की आपण चिकाटी दाखवतोय. पलीकडून मात्र हे चित्र दिसतं की एक कधीही न पाहिलेला फोन, रोज नव्या नेटवर्कवरून, एका जुन्या खात्याचं दार ठोठावतोय. चोर तरी वेगळं काय करतो?

तिथे तुमचा अर्ज वाचणारा माणूस बसलेला नाही. फोन करून कळवळून सांगता येईल असा काउंटरही नाही. निर्णय यंत्रणा घेते, आणि तिच्या हातात उत्तरांखेरीज आणखी दोन गोष्टी असतात: तुम्ही कोणत्या उपकरणावरून, कोणत्या ब्राउझरमधून आलात, आणि कुठून आलात. ज्या उपकरणावरून हे खातं पूर्वी महिनोन्‌महिने उघडलं गेलंय तिथून, त्याच ब्राउझरमधून, जिथे बसून नेहमी उघडायचात तिथूनच एकदा केलेला प्रयत्न हा नव्या फोनवरच्या वीस प्रयत्नांपेक्षा भारी पडतो. गूगलच्या स्वतःच्या मदतीच्या पानावरही हेच लिहिलंय, पण ते वाचतं कोण.

तर आता काही प्रश्न. उत्तरं सावकाश द्या.

खातं साधं वैयक्तिकच आहे ना? एखाद्या संस्थेचं असेल तर हे सगळं सोडा, तिथला अ‍ॅडमिन दोन मिनिटांत पासवर्ड बदलून देईल.

टू-स्टेप चालू होतं का? चालू असेल तर ८ आकड्यांच्या दहा बॅकअप कोडचं पान कधी छापलं किंवा उतरवून ठेवलं होतं का?

पूर्वी हे खातं कशाकशावर उघडायचात? जुना लॅपटॉप, पडलेला फोन, घरातला टॅब, काहीही. फुटलेला स्क्रीनही चालेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रिकव्हरीच्या पानावर `Try another way` दाबत गेल्यावर एकामागून एक काय काय पर्याय येतात? अंदाजाने सांगू नका. पुन्हा प्रयत्न न करता आठवून सांगा, किंवा स्क्रीनशॉट काढले असतील तर त्यावरून सांगा.

बोका, नंबर परत घेण्याची कल्पना अर्धी बरोबर आहे. नंबर सोडून थोडेच दिवस झाले असतील आणि तो अजून कोणाला दिला गेला नसेल, तर कंपनी कधी कधी परत देते. तीन वर्षांनी नाही. आणि त्या बाईंकडे कोड मागू नये. एक तर अनोळखी माणूस कोड मागतो तेव्हा 'नाही' म्हणायचं हेच आपण सगळ्यांना शिकवतोय. दुसरं म्हणजे त्यांना कळेल की या नंबरावर कोणाच्या तरी खात्याची किल्ली येते. ते त्यांना कळलं नाही तर बरं.

---

टवाळ_पोर | रविवार, रात्री ११:४१

मी एक सुचवतो, नवा फोन फॅक्टरी रीसेट करा. खातं नव्याने विचारेल, तेव्हा आधीचं सगळं विसरलेलं असेल.

---

कळसूत्री | रविवार, रात्री ११:४६

टवाळा, कृपा करून नको. ज्या अँड्रॉइड उपकरणावर खातं चालू आहे ते असं रीसेट केलं, तर एक तर चालू असलेलं खातं त्यावरून जातं, आणि वर बऱ्याच फोनवर सुरू होतानाच आधीच्या खात्याचा पासवर्ड किंवा जुनं स्क्रीन लॉक विचारलं जातं. चोरलेला फोन पुसून विकता येऊ नये म्हणून ती सोय आहे. म्हणजे खातंही गेलं आणि फोनही अडकला. रानवारा, घरातलं कुठलंही जुनं यंत्र रीसेट करू नका, त्यावरून साइन आउट करू नका, ब्राउझरची हिस्टरी आणि कुकीज साफ करू नका. धूळ पुसलीत तरी चालेल.

---

रिकव्हरी_गुरू_२४ | सोमवार, सकाळी ७:०२

*[हा प्रतिसाद संपादकांनी काढून टाकला आहे.]*

---

संपादक | सोमवार, सकाळी ८:१५

'पैसे पाठवा, खातं एका तासात परत' छापाचा प्रतिसाद काढला आहे. व्यक्तिगत संदेशातून असं कोणी आलं तर उत्तर देऊ नका, आम्हाला कळवा.

---

अवंती | सोमवार, सकाळी ९:३०

असाच एक 'तज्ज्ञ' मला समाजमाध्यमावर भेटला होता. आधी थोडे पैसे, मग 'सर्व्हरचे' पैसे, मग माझ्याच दुसऱ्या खात्याचा पासवर्ड मागितला. तिथे ट्यूब पेटली.

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. माझं खातं आउटलुकचं आहे. जुना नंबर नाही, पर्यायी पत्ताही नाही. `account.live.com/acsr` वरचा फॉर्म चार वेळा भरला. पाठवलेल्या मेलचे विषय, कोणाला मेल केले त्यांचे पत्ते, फोल्डरांची नावं, जुने पासवर्ड, सगळं विचारतात. प्रामाणिकपणे भरलं. तरी नकार. काय चुकतंय?

---

कळसूत्री | सोमवार, सकाळी १०:०५

अवंती, टू-स्टेप चालू होतं का? चालू असेल तर तो फॉर्म कितीही सुंदर भरा, उपयोग नाही. त्या कंपनीचा नियमच तसा आहे. चालू नसेल तर विषय शब्दशः लागतात. 'सुट्टीबद्दल' लिहिलंत आणि प्रत्यक्षात विषय `Re: leave` असेल तर ते जुळलं म्हणून धरायचं कसं? ज्यांना मेल पाठवले त्यांनाच फोन करा आणि त्यांच्या इनबॉक्समधून तुमच्या मेलचे विषय जसेच्या तसे वाचून घ्या. दिवसाला दोनदाच भरता येतो, तेव्हा घाईने भरू नका.

---

अवंती | सोमवार, सकाळी १०:२२

टू-स्टेप... चालू होतं. मीच मोठ्या अभिमानाने चालू केलं होतं. पण पासवर्ड मला माहीत आहे!

---

कळसूत्री | सोमवार, सकाळी १०:४०

पासवर्ड माहीत असून टू-स्टेप नसतं, तर सोपं होतं. आत जाताना 'यातलं माझ्याकडे काहीच नाही' निवडायचं, नवा पत्ता किंवा नंबर द्यायचा, आणि ३० दिवस थांबायचं. टू-स्टेप असताना ती वाट बंद होते. खातं उघडताना किंवा टू-स्टेप चालू करताना २५ अक्षरांचा रिकव्हरी कोड छापून घ्या असं सांगितलं असेल, तो कागद कुठे आहे का बघा. तुमच्या पूर्वीच्या फोनवर त्यांचं ऑथेंटिकेटर अ‍ॅप होतं का, तेही बघा. यापुढे मला खरंच काही सुचत नाही.

---

रानवारा | सोमवार, रात्री ८:१८

कळसूत्री, उत्तरं देतो. खातं वैयक्तिक. टू-स्टेप नव्हतं. जुना लॅपटॉप आहे, दीड वर्ष कपाटात पडून. तो आईबाबांच्या घरी आहे. पूर्वी मी तिथेच राहायचो.

पर्यायांचे स्क्रीनशॉट एकदा काढले होते, ते आज नीट पाहिले. असे येतात: आधी आठवत असलेला शेवटचा पासवर्ड विचारतं. मग एक पान येतं की तुमच्या टॅबवर सूचना पाठवली आहे, तिथे हो म्हणा. मी ते दर वेळी ओलांडून पुढे जायचो, कारण माझ्याकडे टॅबच नाही. मग शेवटी ४७ असलेल्या नंबरावर कोड. मग बॅकअप पत्त्यावर कोड. त्याची सुरुवातीची अक्षरं दिसतात आणि पुढे ठिपके.

---

कळसूत्री | सोमवार, रात्री ८:३०

टॅबचं नाव काय लिहिलंय तिथे? कंपनी, मॉडेल, काही?

---

रानवारा | सोमवार, रात्री ९:०४

अरे देवा. तो टॅब मी आईला दिला होता. तिचं स्वतःचं खातं घालून दिलं होतं, पण माझं त्यातून काढलं नव्हतं बहुतेक.

---

टवाळ_पोर | सोमवार, रात्री ९:१०

धाग्याला कलाटणी!

पण थांबा. चार महिन्यांपूर्वी पासवर्ड बदलला तेव्हा बाकी सगळीकडून साइन आउट झालं असेल ना? मग टॅबवर खातं चालू कसं?

---

कळसूत्री | सोमवार, रात्री ९:२५

चांगला प्रश्न. बहुतेक ठिकाणांहून साइन आउट होतं, लॅपटॉपवरून झालंच असेल. पण 'हे मीच' अशी खात्री पटवायला जी उपकरणं वापरली जातात, ती पासवर्ड बदलल्यावरही आत राहू शकतात. टॅब त्यातला असावा, नाहीतर सूचना पाठवली असं पान आलंच नसतं. हे पान फुकट येत नाही. ते आलं याचा अर्थ एक दार अजून तुमच्या घरातल्या माणसाच्या हातात आहे.

आणि आता मला शंका येतेय. गेल्या आठवड्यात वीस वेळा प्रयत्न केलात म्हणता. म्हणजे त्या टॅबवर वीस वेळा सूचना आली असणार. आईंना विचारा त्यांनी काय केलं.

---

रानवारा | सोमवार, रात्री ९:५८

आईशी बोललो. तिचे शब्द जसेच्या तसे देतो:

"अरे, मेलं आठवडाभर कोणीतरी तुझ्या खात्यात घुसायला बघतंय. तुझं नाव येतं, खाली 'तुम्हीच आहात का' विचारतं. मी दर वेळी 'नाही' दाबते. तूच सांगितलंयस ना, कशालाही 'हो' म्हणायचं नाही. मी म्हटलं तू कामात असशील, कशाला त्रास द्यायचा."

---

टवाळ_पोर | सोमवार, रात्री १०:०१

काकूंना साष्टांग नमस्कार.

---

पमा | सोमवार, रात्री १०:०६

आईंचं काही चुकलं नाही हो. मीही तेच केलं असतं.

---

कळसूत्री | सोमवार, रात्री १०:३०

आईंचं शंभर टक्के बरोबर. यंत्रणेला दिसलं ते असं: अनोळखी फोन दार ठोठावतोय, आणि आतलं ओळखीचं उपकरण दर वेळी सांगतंय की हा मी नाही. तुम्हाला नकार मिळाला नसता तरच मला काळजी वाटली असती.

आता क्रम सांगतो. निदान चार-पाच दिवस कुठूनही काहीही करू नका. नंतर आईबाबांच्या घरी जा. टॅब चार्ज करा, त्यांच्या वायफायवर ठेवा, स्क्रीन उघडा ठेवा. आईंना सांगा की या वेळी सूचना आली तर हात लावायचा नाही, तुम्ही स्वतः बघाल.

मग लॅपटॉप. तो सुरू झाल्यावर आधी रिकव्हरीचं पान उघडू नका. क्रोममध्ये हा पत्ता टाका:

```
chrome://password-manager/passwords
```

फायरफॉक्स असेल तर `about:logins`. तिथे खात्याच्या नावासमोर साठवलेला पासवर्ड असेल. दाखवण्यापूर्वी लॅपटॉपचा स्वतःचा पासवर्ड विचारेल, तो आठवत असू द्या म्हणजे मिळवली. हा चार महिन्यांपूर्वीचा, बदलण्याआधीचा पासवर्ड असेल. त्याने दार उघडणार नाही, पण रिकव्हरीत 'आठवत असलेला शेवटचा पासवर्ड' विचारतात तिथे जुना चालतो. चुकीचा अंदाज ठोकण्यापेक्षा खरा जुना पासवर्ड कितीतरी मोलाचा.

थंडरबर्डसारखा मेल प्रोग्रॅम त्या लॅपटॉपवर वापरत होतात का? असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये `Saved Passwords` बघा. २०२२ च्या मेपर्यंत असे प्रोग्रॅम खात्याचा खरा पासवर्ड वापरून आत जाऊ शकत होते. बऱ्याच जणांचा तो तिथे अजून पडून असतो.

त्यानंतर त्याच लॅपटॉपवर, त्याच ब्राउझरमध्ये, त्याच वायफायवर `g.co/recover`. व्हीपीएन वगैरे असेल तर बंद. टॅबवर सूचना येईल. लॅपटॉपवर जो आकडा दिसेल तोच टॅबवर निवडायचा. अंदाजाने दाबू नका.

---

बोका_मांजरे | सोमवार, रात्री १०:४८

पाच दिवस थांबण्याची काय गरज? माझ्या भावाने तर दुसऱ्याच दिवशी केलं होतं. हे थांबणं वगैरे ऐकीव गोष्टी आहेत.

---

कळसूत्री | सोमवार, रात्री ११:००

बोका, नेमकं किती थांबायचं हे कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमचं म्हणणं मी खोडू शकत नाही. `Too many failed attempts` आलं की काही तास तरी थांबा असं ते स्वतः सांगतात. माझ्या समोर आलेल्यांत जे चार-पाच दिवस गप्प बसले त्यांचं काम जास्त वेळा झालं. यात योगायोगही असेल. पण थांबल्याने कोणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही.

---

शेवंती_के | मंगळवार, दुपारी १:१५

कळसूत्री, बॅकअप पत्त्याचं काय? तो प्रयत्न का सोडताय? माझं खातं तसंच मिळालं होतं.

माझा बॅकअप पत्ता जुन्या ऑफिसातला होता. तिथल्या आयटीतल्या माणसाला फोन केला. त्याने सांगितलं की पेटी पुसली गेली आहे, पण पत्ता पुन्हा तयार करता येतो. वरिष्ठांची परवानगी घेऊन त्याने एका दुपारपुरता तो पत्ता उघडून स्वतःच्या पेटीत वळवला. मी फोनवर होते. आधी त्याने त्या पत्त्यावर चाचणीचा मेल मागवून तो पोचतोय याची खात्री केली, मग मी कोड मागवला, त्याने वाचून दाखवला. पाच मिनिटांचं काम. परवानगीला मात्र तीन आठवडे गेले.

---

कळसूत्री | मंगळवार, दुपारी २:४०

शेवंती, बरं झालं लिहिलंत. मी टॅबच्या नादात ते मागे टाकलं. चाचणीचा मेल आधी पाठवण्याचं तुमचं डोकं फार आवडलं. लोक आधी कोड मागवतात आणि मग पेटीची शोधाशोध करतात, तोवर कोड शिळा झालेला असतो.

रानवारा, टॅबने काम झालं नाही तर हीच दुसरी वाट. ठिपक्यांआधीची अक्षरं कॉलेजच्या पत्त्याशी जुळतात ना, हे आधी बघा. निम्म्या लोकांचा बॅकअप पत्ता त्यांना वाटतो तो नसतोच.

एक इशारा. जुना बॅकअप पत्ता एखाद्या फुकट सेवेवरचा असेल आणि तिथे वर्षानुवर्षं कोणी फिरकलं नसेल, तर तो नव्याने मिळेल असं धरून चालू नका. मायक्रोसॉफ्ट दोन वर्षं वापर नसला तर खातं बंद करू शकतं. याहूने तर २०१३ मध्ये पडून असलेली नावं दुसऱ्यांना द्यायला काढली होती. स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता असेल आणि डोमेनची मुदत संपली असेल, तर ते डोमेन कोणीही विकत घेऊ शकतं. म्हणजे तुमच्या खात्याचा कोड त्याच्या पेटीत. तुमच्या आधी दुसऱ्याने घेतलं असेल तर त्या पत्त्यावर कोड मागवूच नका.

---

रानवारा | मंगळवार, रात्री ८:००

अक्षरं जुळत नाहीत!! कॉलेजच्या पत्त्याची सुरुवात माझ्या आडनावाने होती. इथे 'ga' दिसतंय. हा कुठला पत्ता तेच मला आठवत नाही.

---

टवाळ_पोर | मंगळवार, रात्री ८:०४

'गा' म्हणजे गाढव?

---

रानवारा | मंगळवार, रात्री ८:०९

असू शकेल, तेव्हा मी तसाच होतो.

---

रानवारा | पुढचा रविवार, रात्री १०:४०

अपडेट देतोय. शनिवारी सकाळी आईबाबांकडे पोचलो.

लॅपटॉप सुरू व्हायलाच अर्धा तास गेला. क्रोमच्या कोपऱ्यात माझं चित्र करडं होऊन `Paused` लिहिलेलं. म्हणजे पासवर्ड बदलल्यावर तिथून बाहेर काढलं होतं, टवाळाने म्हटलं तसं. पण साठवलेले पासवर्ड तिथेच होते. लॅपटॉपचा पासवर्ड बाबांना पाठ होता, मला नाही. जुना जीमेल पासवर्ड दिसला. मला आठवत होता त्यात एक अक्षर लहानऐवजी मोठं होतं. म्हणजे वीस वेळा मी जो 'जुना पासवर्ड' ठोकत होतो तोही चुकीचाच होता.

मग `g.co/recover`. तो पासवर्ड टाकला. पुढचं पान टॅबचं. टॅब मांडीवर. सूचना आली, आई बाजूला येऊन उभी. लॅपटॉपवर ३८, टॅबवर तीन आकडे. ३८ दाबला.

मला वाटलं आता नवा पासवर्ड विचारेल. नाही विचारला. संपर्कासाठी एक पत्ता मागितला, तो बायकोचा दिला. मग लिहून आलं की सुरक्षेसाठी थोडा वेळ लागेल, दुवा मेलने पाठवू. दोन दिवस. आता बसलोय. हे असं होतं का? की ही नकाराचीच सभ्य पद्धत आहे?

---

कळसूत्री | रविवार, रात्री ११:१०

नकार असता तर ते जुनं वाक्य तिथेच आलं असतं. हे थांबणं मुद्दाम असतं. या काळात खात्याशी जोडलेल्या सगळ्या ठिकाणी कळवलं जातं की कोणीतरी खातं परत मिळवतंय, म्हणजे खरा मालक दुसराच असेल तर त्याला अडवायला वेळ मिळावा. तेव्हा आईंना पुन्हा एकदा सांगा: टॅबवर काही आलं तरी 'नाही' दाबायचं नाही. आणि त्या 'ga' च्या पेटीत कोणी नसो अशी आशा करू.

दुसरा अर्ज करू नका. बायकोच्या पेटीतलं स्पॅम रोज बघा.

---

रानवारा | मंगळवार, रात्री ११:५५

मिळालं!!!

दुवा आज संध्याकाळी आला, स्पॅममध्येच. सकाळी बायकोने 'कसलेतरी फसवे मेल येतात' म्हणून तो जवळजवळ उडवला होता. आमच्या घरातल्या बायका भलत्याच सावध आहेत.

आत गेल्यावर पहिल्यांदा सगळे फोटो उतरवायला लावले, मग नवा नंबर, बायकोचा पत्ता, दहा बॅकअप कोड कागदावर. 'ga' चा उलगडाही झाला. तो एका जुन्या खेळाच्या साइटसाठी मीच काढलेला पत्ता होता. टवाळा, गाढव नव्हे, गेमर.

एक शंका राहिली. नंबर बदलून तासभर झाला तरी एका पानावर शेवटी ४७ वाला जुना नंबर अजून पर्याय म्हणून दिसतोय. तो नीट निघाला नाही का?

---

कळसूत्री | बुधवार, सकाळी ९:२०

अभिनंदन. निघालाय. रिकव्हरीचा नंबर किंवा पत्ता बदलला तरी ७ दिवस जुन्यावर कोड पाठवायचा पर्याय ते ठेवू शकतात. कोणी खातं बळकावून लगेच नंबर बदलला, तर खऱ्या मालकाला परतायला वाट उरावी म्हणून. तुमच्या बाबतीत हा आठवडा ती वाट त्या बाईंच्या फोनवर जाते, तेवढं लक्षात असू द्या. आठ दिवसांनी पुन्हा बघा.

टॅबवरून आता खातं काढणार असाल तर मी म्हणेन राहू द्या.

---

रानवारा | बुधवार, सकाळी ९:३१

काढत नाहीये. आईने विचारलं, "आता 'हो' कधी दाबायचं?" म्हटलं, मी आधी फोन केला तरच.

---

अवंती | बुधवार, दुपारी १२:०५

रानवारा, खूप बरं वाटलं वाचून.

माझा २५ अक्षरांचा कागद मिळाला नाही. पण माळ्यावर एक जुना फोन सापडला, त्यात ते ऑथेंटिकेटर अ‍ॅप होतं. फोन सुरूच होत नाही, बॅटरी फुगलीये. बॅटरी बदलली तर आतलं अ‍ॅप जसंच्या तसं राहील का? की ते वेगळ्या धाग्यात विचारू?

---

कळसूत्री | बुधवार, दुपारी १२:५०

इथेच विचारा. नुसती बॅटरी बदलल्याने आतला डेटा जात नाही. फुगलेली बॅटरी स्वतः उचकटू नका आणि तो फोन चार्जिंगला लावू नका. दुरुस्तीवाल्याला फोन देताना 'रीसेट करायचा नाही' हे पहिलं सांगा, त्यांना ती सवय असते. फोनचं स्क्रीन लॉक आठवतंय ना?

---

अवंती | बुधवार, दुपारी १२:५८

तीन नमुन्यांपैकी एक असावा. सांगते दुरुस्त झाल्यावर.